चेहरा जुळला, पुरावा कुठे आहे?



चेहरा जुळवणाऱ्या यंत्रामुळे निरपराध माणूस पकडला गेला की आपण म्हणतो, यंत्र चुकलं. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र चुकणारच, माणसाला कोठडीत घालते ती त्यानंतरची ओळखपरेड. यंत्र चेहऱ्याचे आकडे कसे करतं आणि कॅमेरे कुठे कुठे बसले आहेत, हे आपण सगळे जाणता. त्यात वेळ घालवत नाही. सरळ डेट्रॉइटला जाऊ.

ऑक्टोबर 2018. घड्याळांच्या एका दुकानातून सुमारे 3,800 डॉलरची पाच घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्यात चोर दिसतो, पण टोपी घातलेला आणि अंधूक. ते चित्र मिशिगन राज्य पोलिसांकडे गेलं. शोध झाला जवळपास पाच कोटी फोटोंमध्ये. यंत्र ‘हाच तो’ असं सांगत नाही. जास्तीत जास्त सारख्या चेहऱ्यांची क्रमवार यादी देतं. खरा चोर त्या साठ्यात नसला तरी यादी येतेच. या यादीत नवव्या क्रमांकावर रॉबर्ट विल्यम्स यांच्या मुदत संपलेल्या वाहन परवान्याचा फोटो होता. सोबतच्या अहवालावर ठळक लिहिलं होतं की ही ओळख पटलेली नाही, हा केवळ तपासाचा धागा आहे, अटकेला पुरेसा आधार नाही.

(पहिल्या रांगेतून: “मग अटक केलीच कशी?”)

साहेब, आपण पोलिसात होतात, प्रश्न अगदी मुळाचा विचारलात. माझा आजचा सगळा मुद्दा त्याच्या उत्तरात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पोलिसांनी सहा फोटोंचा संच केला. त्यात विल्यम्स यांचा फोटो घातला आणि तो दाखवला दुकानाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका बाईंना. त्या चोरीच्या वेळी तिथे नव्हत्या! त्यांनी तेच कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं होतं. त्यांनी विल्यम्स यांच्यावर बोट ठेवलं आणि तपासात ‘साक्षीदाराने ओळखलं’ अशी नोंद झाली.

नेहमीच्या परेडीत संशयित दुसऱ्या कारणाने सापडलेला असतो: चोरीचा माल मिळाला, कुणी नाव सांगितलं. तो चोरासारखा दिसतो की नाही, ही वेगळी परीक्षा ठरते. इथे तो केवळ दिसण्यावरूनच निवडलेला. पाच कोटींतून चोराशी मिळताजुळता चेहरा यंत्राने शोधून दिला आणि साक्षीदाराला विचारलं, यातला चोरासारखा कोण? तो त्याच चेहऱ्यावर बोट ठेवणार नाही तर कोणत्या? एकाच अर्जावर एकाच माणसाने दोनदा सही करावी आणि दोन साक्षीदार झाले म्हणावं, तसं हे झालं. (हशा) हसू नका, मित्रहो. जानेवारी 2020मध्ये पत्नी आणि दोन लहान मुलींसमोर, घराच्या अंगणात विल्यम्स यांना बेड्या पडल्या. सुमारे तीस तास ते कोठडीत होते. चोरीच्या वेळी ते कामावरून घरी निघाले होते, गाडीत गाणं म्हणतानाचा त्यांचा व्हिडिओ फोनवर होता. त्या वेळी ते कुठे होते, हे कुणी आधी विचारलंच नाही.

त्याच शहरात फेब्रुवारी 2023मध्ये आठ महिन्यांच्या गरोदर स्त्रीला गाडी लुटल्याच्या आरोपाखाली पकडलं. तिथेही आधी यंत्र, मग फोटोंचा संच. चित्रणातली बाई गरोदर दिसत नव्हती, एवढंही कुणी पाहिलं नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. कोणत्या वंशाच्या चेहऱ्यांबाबत यंत्र अधिक चुकतं, त्यावर अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा 2019चा मोठा अभ्यास आहे. तो भाग आज सोडतो. उपाय मात्र सांगायलाच हवेत.

विल्यम्स यांनी या अटकेवरून केलेल्या दाव्यात 2024मध्ये तडजोड झाली. त्यानुसार डेट्रॉइट पोलिसांना केवळ जुळणीवरून अटक करता येत नाही. जुळणीनंतर लगेच फोटोंचा संचही दाखवता येत नाही; आधी संशयिताचा गुन्ह्याशी संबंध दाखवणारा स्वतंत्र पुरावा हवा. 2017पासूनची जुनी प्रकरणंही तपासायची आहेत. तज्ज्ञ आणखी दोन गोष्टी सुचवतात: संशयित कोण हे ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याने फोटो एकेक करून दाखवावेत, आणि यंत्र वापरलं हे, यादीतल्या इतर नावांसह, बचावपक्षाला कळवावं.

“यामुळे तपास अडेल,” असं मागून कुणी म्हणतं आहे. नाही अडणार. धागा हाती आला तर तो धरून पुढे जा, त्या वेळी तो माणूस कुठे होता ते पाहा. आपल्याकडेही ही यंत्रं आली आहेत. 2022मध्ये दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं की ऐंशी टक्क्यांवर साम्य असेल तर ते जुळणी मानतात. म्हणून न्यायालयात, पोलीस ठाण्यात, वार्ताहर परिषदेत एक प्रश्न विचारायची सवय लावा: साक्षीदाराला फोटो दाखवला, त्याआधी या माणसाविरुद्ध साम्याखेरीज काय होतं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती ओळख पुरावा म्हणून मोजू नका.