मंजुरी मागणारा कोण?



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण सहकारी बँका, महाविद्यालये, नगरपालिका, साखर कारखाने आणि रुग्णालये यांचे संगणक विभाग सांभाळतात. विभागात माणसे दोन-चार आणि खाती शेकडो, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. म्हणून सायबर सुरक्षेचा सर्वांगीण आढावा घेण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आपण ज्या कुलपावर सर्वांत जास्त विसंबतो त्या दुहेरी पडताळणीतली एकच फट आणि ती बुजवण्याचा एकच उपाय, एवढ्यावरच बोलतो.

कर्मचारी पासवर्ड टाकतो, सर्व्हर त्याच्या मोबाइलवर पुश नोटिफिकेशन पाठवतो आणि ‘तुम्हीच लॉगिन करत आहात का?’ असे विचारतो. खाली दोन बटणे असतात, मंजूर आणि नामंजूर. एसएमएसवर येणारा ओटीपी टाइप करण्यापेक्षा हे सोपे, म्हणून सगळ्यांनी ते आनंदाने स्वीकारले. पण हा प्रश्न पासवर्ड बरोबर टाकणाऱ्या कोणाच्याही इशाऱ्यावर निघतो. पासवर्ड चोरीला गेला असेल, तर चोर दर मिनिटाला लॉगिन करू शकतो आणि दर मिनिटाला खातेदाराचा फोन वाजवू शकतो. रात्री एक वाजता विसाव्यांदा फोन वाजला की माणूस झोपेत कंटाळून मंजूर दाबतो. काही जण सिस्टिम बिघडली असेल असे समजून दाबतात, काही जण केवळ सवयीने. चोराला एकच होकार पुरतो. खातेदाराला मात्र प्रत्येक वेळी नकार द्यावा लागतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते सप्टेंबर 2022 मध्ये उबर कंपनीत दिसले. कंपनीसाठी बाहेरून काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या खासगी उपकरणात मालवेअर शिरले होते. तिथून गेलेला त्याचा पासवर्ड हल्लेखोराने बहुधा डार्क वेबवर विकत घेतला, असे उबरने नंतरच्या निवेदनात सांगितले. पुढे हल्लेखोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला. प्रत्येक वेळी कंत्राटदाराच्या फोनवर मंजुरीची विनंती आली आणि सुरुवातीला त्यामुळे हल्लेखोर बाहेरच राहिला. शेवटी एक विनंती मंजूर झाली. हल्लेखोराचे स्वतःचे म्हणणे असे की, बराच वेळ विनंत्यांचा मारा केल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर आपण आयटी विभागातले असल्याचे भासवले आणि हे थांबवायचे असेल तर मंजूर करा, असे सांगितले. आत गेल्यावर तो इतर कर्मचाऱ्यांच्या खात्यांपर्यंत आणि कंपनीच्या अंतर्गत साधनांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी मे महिन्यात सिस्को कंपनीतही विनंत्यांचा मारा आणि फसवे फोन यांच्या जोडीने एक होकार मिळवला गेला. तिथे हल्लेखोराने आत येताच पडताळणीसाठी स्वतःची नवी उपकरणे नोंदवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

अशा घटनांनंतर आपण लगेच माणसाला दोष देतो. ‘दाबायचे कशाला?’ असे विचारतो. पण मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये सांगितलेला आकडा पाहा: साधी मंजुरीची विनंती आली, तर सुमारे 1 टक्का लोक पहिल्याच फटक्यात ती मंजूर करतात. तीनशे खात्यांच्या संस्थेत हे तीन जण झाले, आणि तेही एकच नोटिफिकेशन पाठवून. म्हणजे दोष प्रश्नाच्या रचनेत आहे. ‘तुम्हीच आहात का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी खातेदाराला लॉगिनच्या स्क्रीनकडे पाहावेच लागत नाही. ती स्क्रीन त्याच्या टेबलावर आहे की हजार मैलांवर, हे त्या होकारातून सर्व्हरला कळत नाही.

नंबर मॅचिंग नेमकी ही उणीव भरून काढते. पासवर्ड टाकल्यावर लॉगिनच्या स्क्रीनवर दोन आकडी संख्या दिसते, समजा 47. फोनवरच्या ॲपमध्ये ती संख्या दिसत नाही. तिथे रिकामा चौकोन असतो आणि 47 ही संख्या आपल्याला टाइप करावी लागते. बँकेत चेक दिल्यावर पितळी टोकन मिळायचे आणि रोखपाल नंबर पुकारून टोकन हातात आल्याशिवाय पैसे देत नसे, तसाच हा व्यवहार आहे. आता चोराने मध्यरात्री शंभर विनंत्या पाठवल्या, तरी संख्या त्याच्या स्क्रीनवर राहते. झोपेतल्या खातेदारापुढे फक्त रिकामा चौकोन येतो. त्याने वैतागून काहीतरी टाकलेच, तर ते बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण एक. तीन संख्यांपैकी एक निवडा, अशीही रचना काही ठिकाणी असते. तिथे अंदाजाने बरोबर दाबले जाण्याची शक्यता तीनात एक उरते, म्हणून निवडण्यापेक्षा टाइप करण्याची पद्धत सरस.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सीसाने, ऑक्टोबर 2022 मध्ये नंबर मॅचिंगची शिफारस करणारे पत्रक काढले. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर ॲपच्या पुश नोटिफिकेशनसाठी 8 मे 2023 पासून ते सर्वांना लागू करायला सुरुवात केली आणि बंद करण्याची सोय काढून घेतली. तुमची संस्था त्यांची सेवा वापरत असेल, तर तिथले काम झालेले आहे. पण व्हीपीएन, फायरवॉल किंवा दुसऱ्या कंपनीचे पडताळणीचे ॲप वेगळे असेल, तर तिथे आजही साधे मंजूर-नामंजूर चालू असू शकते. परत गेल्यावर आधी ते तपासा.

इथे कोणी विचारेल, संख्येऐवजी पिन मागितला तर काय बिघडले? याचे उत्तर आपल्या यूपीआयच्या अनुभवात आहे. यूपीआयमध्ये ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ नावाची सोय होती: समोरचा पैसे मागतो, आपण पिन टाकून मंजुरी देतो. भामट्यांनी परतावा, बक्षीस, जुन्या सामानाची खरेदी अशा बहाण्यांनी या विनंत्या पाठवल्या आणि लोकांनी पैसे येतील या समजुतीने स्वतःचा खरा पिन टाकला. पिन बरोबरच होता, तरीही पैसे गेले. कारण पिन टाकणारा कोण हे पिन सांगतो. मागणारा कोण आणि कुठे आहे, हे सांगत नाही. शेवटी एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद केली. लॉगिनमध्ये मागणारी स्क्रीन आणि मंजुरी देणारा फोन यांचा सांधा जुळणे महत्त्वाचे आहे, आणि तो सांधा त्या दोन आकड्यांमुळे जुळतो.

ॲपमध्ये लॉगिनचे ठिकाण दाखवण्याचीही सोय असते. ती चालू ठेवा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ठिकाण इंटरनेट पत्त्यावरून काढलेले असते आणि मोबाइल डेटावर लातुरात बसलेला माणूस अनेकदा मुंबईत किंवा पुण्यात दिसतो. रोज चुकीचे गाव पाहण्याची सवय झालेला माणूस खरोखर चुकीचे गाव दिसले तरी थबकत नाही.

आता या उपायाच्या मर्यादा. पहिली मर्यादा फोन कॉलची. चोर आयटी विभागाच्या नावाने फोन करून ‘ॲपमध्ये 47 टाका’ असे सांगू शकतो. संख्या त्याच्याच स्क्रीनवर असते आणि ती खातेदाराने टाकली की दार उघडते. उबरच्या कंत्राटदाराकडे आयटी विभागाचे सोंग घेऊन गेलेला माणूस इथेही तेच करील. फक्त आता त्याला बोलावे लागेल, नुसता फोन वाजवून भागणार नाही. म्हणून प्रत्येक संस्थेत एक नियम लेखी असावा: आमचा विभाग फोनवर संख्या कधीच सांगणार नाही आणि मागणारही नाही. असा फोन आल्यास तो ठेवून विभागाच्या माहितीतल्या नंबरवर आपणच फोन करायचा.

दुसरी मर्यादा बनावट लॉगिन पानाची. हे पान मध्ये बसून खऱ्या सर्व्हरशी बोलते आणि खरी संख्या तुमच्याच स्क्रीनवर आणून दाखवते. तुम्ही ती प्रामाणिकपणे टाइप करता आणि सत्र चोराच्या हाती जाते. इथे नंबर मॅचिंग हतबल आहे. यावर उतारा पासकीचा किंवा सुरक्षा-चावीचा; ती संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असल्याने बनावट पानावर चालतच नाही. सीसानेही नंबर मॅचिंगला अशा पद्धतीकडे जाईपर्यंतचा मधला उपाय मानले आहे. सगळ्यांना चाव्या देणे परवडत नसेल, तर निदान ॲडमिन, हिशेब विभाग आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यापासून सुरुवात करा.

तिसरी मर्यादा जुन्या वाटांची. काही व्हीपीएनच्या लॉगिन खिडकीत संख्या दाखवायला जागाच नसते. अशा ठिकाणी साधी मंजुरी चालू ठेवण्यापेक्षा ॲपमधला बदलता ओटीपी टाइप करायला लावलेला बरा.

हल्ला चालू आहे हे ओळखायचे कसे? न मागता आलेली एकच विनंतीसुद्धा आपला पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे असल्याची खूण समजा. पुश त्याशिवाय सहसा निघत नाही. त्यामुळे नामंजूर दाबून झोपणे पुरेसे नाही. पासवर्ड बदलायला हवा आणि विभागाला कळवायला हवे. आपल्या बाजूने लॉग पाहा. मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन नोंदींत पडताळणीच्या पायरीवर अडलेले लॉगिन 500121 या क्रमांकाने दिसते. एका खात्यावर अर्ध्या तासात असे दहा प्रयत्न दिसले आणि मग एक यशस्वी झाला, तर तो माणूस अखेर दमला आहे, असे समजा. अशा वेळी पासवर्ड बदलून थांबू नका. चालू सत्रे रद्द करा आणि पडताळणीसाठी नोंदवलेली उपकरणे तपासा. सिस्कोची गोष्ट लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी: चोराचा फोन यादीत राहिला, तर पुढची मंजुरी तो स्वतःच देईल. घुसखोरी झाली असेल, तर सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. पैसे गेले असतील, तर 1930 वर ताबडतोब फोन करा.

एक काम मात्र आपल्याच अखत्यारीतले आहे. आपण कर्मचाऱ्यांना दिवसातून किती वेळा मंजुरी मागतो? कार्यालयातल्या त्याच संगणकावर, त्याच माणसाला तासातासाला विचारत राहिलो, तर न पाहता होकार देण्याची सवय आपणच लावतो आणि चोर तिचा फायदा घेतो. ओळखीच्या उपकरणावर कमी विचारा, नव्या उपकरणावर आणि नव्या नोंदणीच्या वेळी कडक विचारा.

या परिषदेकडून माझी एवढीच मागणी आहे: पुढच्या महिनाभरात प्रत्येकाने आपल्या संस्थेत साध्या मंजुरीवर चालणारी लॉगिने कोणती, याची यादी करावी. त्यातली शक्य तितकी नंबर मॅचिंगवर आणावीत, ॲडमिनची खाती पासकीवर न्यावीत आणि फोनवर संख्या न देण्याचा नियम व्यवस्थापनाच्या सहीने सूचनाफलकावर लावावा. यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, निर्णय लागतो. तो निर्णय आपापल्या संस्थेत घडवून आणावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.