शब्द नाही म्हणजे विचारही नाही?

"अमुक भाषेत तमुक गोष्टीला शब्दच नाही, म्हणजे त्या लोकांना ती गोष्ट कळतच नाही." असं वाक्य असलेला एखादा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. ऐकायला भारी वाटतं. पण हे खरं आहे का, हे तपासायचं कसं? आज त्यासाठी दोन प्रयोग बघू. एक रंगांचा, एक मोजण्याचा.

आधी रंग. आपल्यासाठी आकाशी हा निळ्याचाच एक प्रकार. रशियन भाषेत तसं नाही. फिकट निळ्याला 'गलुबोय' म्हणतात, गडद निळ्याला 'सिनी', आणि दोघांना मिळून एक साधा शब्द नाही. म्हणजे आपल्याला हिरवा आणि निळा वेगळे, तसे त्यांना हे दोन वेगळे.

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्क्रीनवर निळ्या रंगाचे तीन चौकोन, एक वर आणि दोन खाली. खालच्यांपैकी वरच्यासारखा कुठला, ते पटकन सांगायचं. खालचे दोन चौकोन 'गलुबोय' आणि 'सिनी' अशा वेगवेगळ्या नावांचे असले, की रशियन बोलणारे जास्त झटपट उत्तर द्यायचे. इंग्रजी बोलणाऱ्यांना असा फायदा झाला नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्याच लोकांना मनातल्या मनात आठ आकड्यांची रांग घोळवत ठेवून तेच काम करायला दिलं, आणि रशियनांचा फायदा गायब झाला! आकड्यांऐवजी एखादी आकृती लक्षात ठेवायला दिली, तेव्हा मात्र तो टिकला. म्हणजे त्यांचे डोळे वेगळे नव्हते. बघता बघता मनात नाव उमटत होतं आणि ते मदत करत होतं. मनातली बोलण्याची जागा दुसऱ्या कामात गुंतली, की मदत बंद.

हा फरक सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा आहे, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये दुसऱ्या गटानं वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांना हा फायदा दिसलाच नाही. म्हणून रंगांच्या बाबतीत जरा जपूनच बोलावं.

मोजण्याचा पुरावा जास्त ठोस आहे. ब्राझीलच्या अॅमेझॉन जंगलात पिराहा नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्येचे शब्द नाहीत, अगदी 'एक'सुद्धा नाही. हे कसं कळलं? संशोधकांनी दोऱ्याची रिळं एकेक करून वाढवत नेली, तेव्हा पहिल्या रिळाला ते 'होइ' म्हणाले. आपल्याला वाटेल, चला, 'होइ' म्हणजे एक. पण दहापासून एकेक रीळ कमी करत आणलं, तेव्हा काही जण सहा रिळांनासुद्धा 'होइ' म्हणाले. म्हणजे अर्थ 'एक' नाही, 'थोडे' असा काहीतरी.

मग त्यांना संख्या कळतच नाही का? संशोधकांनी रिळांची रांग मांडली आणि तितकेच फुगे मांडायला सांगितलं. रिळं समोर असताना त्यांनी जवळपास बिनचूक मांडले. एका रिळासमोर एक फुगा, सोपं! पण तीच रिळं झाकली, किंवा एकेक करून डब्यात टाकली, की चुका व्हायला लागल्या, आणि संख्या जितकी मोठी तितकी चूक मोठी. 'तितकेच' म्हणजे काय, हे त्यांना नीट कळत होतं. रिळं नजरेआड झाल्यावर तो आकडा मनात धरून ठेवायला शब्द नव्हता, एवढंच.

आता म्हणाल, हा फरक भाषेचा कशावरून? राहणीमानाचा, शाळेचा असू शकतो. बरोबर आहे शंका. म्हणून २०१२ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना तीच कामं दिली, पण एक अट घालून: कानावर पडणारं बोलणं लगेच मोठ्यानं म्हणत राहायचं. तोंड आणि मन शब्दांत अडकलं, त्यामुळे मोजता येईना. आणि या शिकलेल्या लोकांचंही तेच झालं: समोर असलेलं बरोबर, झाकलेलं चुकलं.

घरी करून बघा. वाटीनं तांदूळ मोजताना कुणाला तरी शेजारी बसून सतत बोलायला सांगा, आणि तुम्ही ते शब्द मागोमाग म्हणत राहा. चार झाल्या की पाच? गेलंच!

म्हणून माझं म्हणणं असं, की भाषा ही डोक्यातली भिंत नाही, हातातलं माप आहे. माप नसलं तरी कमी-जास्त दिसतंच. माप असलं की नेमकं किती ते लक्षात राहतं. आणि ते हातातून सुटलं, की मराठी काय, इंग्रजी काय, पिराहा काय, सगळे सारखेच. त्यामुळे पुढच्या वेळी "त्यांच्याकडे शब्द नाही, म्हणजे त्यांना कळत नाही" असं कुणी म्हणालं, तर विचारा: झाकून विचारलं होतं, की समोर ठेवून?

भेटू पुढच्या भागात!