टॉवरचा अर्ज: ग्रामपंचायतीला काय लिहायचं, कंपनीला काय



'गावात रेंज नाही, टॉवर मिळावा' एवढ्या एका ओळीचे अर्ज ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहतात. कारण साधं आहे. ग्रामपंचायत टॉवर उभा करत नाही. तिच्या हातात दोनच गोष्टी आहेत, ग्रामसभेचा ठराव आणि जागा. तेव्हा तिच्याकडे त्याच मागा.

जागा दाखवताना लोक चटकन गायरानाकडे बोट करतात. गायरान शासनाचं असतं, ग्रामपंचायत परस्पर देऊ शकत नाही, आणि प्रकरण तिथेच अडकतं. त्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याची खासगी जागा ठरावात गट नंबरासह आणि त्याच्या लेखी संमतीसह दिली, तर बरंच सोपं जातं.

कंपनीचा अर्ज वेगळा. तिथे गाऱ्हाणं नको, मोजमाप हवं. समजा डोंगराच्या पायथ्याचं दोनशे घरांचं गाव आहे. जवळचा टॉवर अंतराने फार लांब नाही, पण डोंगरापलीकडे आहे. नकाशावर गाव 'कव्हरेजमध्ये' दिसतं, शेतात फोन मुका. हे सिद्ध कसं करायचं? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. फोर-जीवर उणे ९५ असेल तर काम भागतं, उणे ११५ ते १२० च्या आसपास फोन लागला तर नशीब. शाळा, चावडी, वस्ती, विहीर अशा चार-पाच ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घालून आकडे लिहा, स्क्रीनचे फोटो जोडा. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं आलं, तर बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीचा सिग्नल तिथे पोहोचतोय. मग आधी त्या कंपनीकडे जा.

सोबत घरांची संख्या, जागेचे अक्षांश-रेखांश, वीज आणि रस्ता कुठपर्यंत आहे, हे लिहा. उंच जागा चांगली, पण तिथून दुसरा टॉवर सरळ दिसला पाहिजे, नाहीतर जवळ फायबर हवी. टॉवरला स्वतःलाही पुढे जोडणी लागते, हे आपण विसरतो.

दोनशे घरांत खासगी कंपनीला फायदा दिसत नाही, असं उत्तर येईल. म्हणून तोच अर्ज बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयातही द्या. केंद्राने जुलै २०२२ मध्ये कव्हरेज नसलेल्या २४,६८० गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली आहे. आपलं गाव यादीत आहे का, एवढंच लेखी विचारा आणि पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. सर्पदंश झाला तर १०८ ला फोन करायला माणूस टेकडीवर धावतो, हेही अर्जात लिहा. पीएम किसानच्या ओटीपीसाठी बायाबापड्या तालुक्याला जातात, तेही लिहा.

आणि एक. 'तुमच्या शेतात टॉवर लावतो, आधी अनामत भरा' असा फोन आला, तर तो ठगाचा. जागेचं भाडं कंपनी देते, आपण कुणाला काही भरायचं नसतं.

आता कुणाच्या गावाचा अर्ज अडलेला आहे, त्याने कागद घेऊन पुढे यावं.