फ्रान्सच्या बाईंना उशिरा उत्तर लिहिताना

गोधड्या शिवणाऱ्या आपल्या बायकांना आता परदेशातूनही विचारणा येते. समजा, फ्रान्समधल्या एका बाईंनी दोन गोधड्यांचं माप आणि किंमत विचारली, आणि कापणीच्या गडबडीत उत्तर द्यायला बारा दिवस गेले. आता फ्रेंचमध्ये माफी कशी मागायची?

पहिलं म्हणजे 'बोंझूर मादाम' लिहायचं. माफी त्याच्या लगेच खाली, एकाच वाक्यात: 'वये नूझेक्स्क्यूझे पूर सेत रेपोंस तार्दीव'. म्हणजे 'या उशिरा दिलेल्या उत्तराबद्दल आम्हाला माफ करावं'. आपण जसं अनोळखी बाईंना अहो-जाहो करतो, तसंच हे वाक्य आहे. यात आपण माफी मागतो, आणि ती द्यायची की नाही ते त्यांच्या हातात ठेवतो. बोलताना फ्रेंच लोक सर्रास 'ज मेक्स्क्यूझ' म्हणतात, पण काटेकोर माणसांना ते खटकतं, कारण शब्दशः बघितलं तर 'मी स्वतःलाच माफ करते' असं होतं. नव्या गिऱ्हाइकाला लिहिताना ते टाळलेलं बरं.

'देझोले पूर ल रतार', म्हणजे 'उशीर झाला, सॉरी', हे ओळखीच्या माणसासाठी. पहिल्याच पत्रात ते जरा पायात चप्पल घालून देवघरात गेल्यासारखं वाटतं. आणि ते लिहायचंच झालं तर बाईने शेवटी 'इ' हे अक्षर वाढवायचं, आणि गटाच्या सगळ्या बायकांच्या नावाने असेल तर त्यापुढे 'एस' लावायचा. ऐकायला काही फरक पडत नाही, वाचणाऱ्याला मात्र दिसतो.

कारण सांगायचं का? सांगावं, पण चार-पाच शब्दांत: 'नूझेत्यों आँ प्लेन रेकोल्त', म्हणजे आमची कापणी ऐन भरात होती. सासूबाईंचं दुखणं, गेलेली लाईट, संपलेला रिचार्ज हे सगळं खरं असलं तरी एकामागून एक लिहिलं की समोरचीला वाटतं, आता आपणच यांची समजूत काढायची. पत्राच्या शेवटी पुन्हा माफी मागितली तरी तसंच होतं.

उलट माफीच लिहिली नाही आणि थेट किंमत टाकली, तर बारा दिवसांचं आम्हाला काहीच वाटत नाही, असा अर्थ निघतो. फक्त 'मेर्सी द वोत्र पास्याँस', म्हणजे 'वाट बघितल्याबद्दल आभार', एवढंच लिहिणंही आम्हाला अपुरं वाटतं. त्यांनी वाट बघितली की वैतागून दुसरीकडे घेतलं, हे आपल्याला कुठे ठाऊक?

माफी आणि कारण झालं की पुढच्याच ओळीत माप, किंमत आणि गोधड्या कधी पाठवता येतील ती तारीख. शेवटी 'कॉर्दियालमाँ' आणि गटाचं नाव.