कोमट टाकीचा धोका

रायपूरच्या गुढियारीत गच्चीवर सोलर हीटर असलेलं एक घर समजा. तीन दिवस आभाळ भरलेलं, टाकीतलं पाणी जेमतेम अडतीस अंशांवर. अंघोळीला बरं वाटतं, पण लिजिओनेला नावाच्या जिवाणूलाही नेमकं हेच आवडतं! वीस ते पंचेचाळीस अंशांत तो वाढतो, त्यात टाकीच्या तळाशी गाळ असेल तर आणखीच. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसांत शिरतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्धांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना धोका जास्त. पाण्याच्या रंगावरून किंवा वासावरून तो ओळखता येत नाही, म्हणून तापमापकच हवा.

पन्नास अंशांवर हे जिवाणू मरायला तास-दोन तास लागतात, साठवर काही मिनिटं. म्हणून ढगाळ दिवसांनंतर टाकीतला विजेचा हीटर लावून सगळं पाणी साठपर्यंत न्यावं.

पण साठ अंशांचं पाणी पाच-एक सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलांची त्याहून लवकर. तेव्हा टाकी गरमच ठेवायची आणि थंड पाणी मिसळायचं ते नळापाशी. त्यासाठी तापमान राखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह मिळतो. बादलीच असेल तर आधी थंड पाणी, मग गरम. वीस अंशांचं दहा लिटर आणि साठचं दहा लिटर मिळून चाळीस अंशांची बादली होते. मुलाला त्यात बसवण्याआधी पाणी ढवळून कोपर बुडवून बघा.