सही करण्याआधी खतावणी उघडा

एप्रिल सुरू झाला की गटाच्या पत्त्यावर व्यापाऱ्यांची पत्रं येतात. तशाच एका पत्राची गोष्ट आज सांगतो.

आमचा गट तुळजापूर तालुक्यातला, काम मसाल्याचं. मिरची, धने, हळद आम्ही एका ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतो. त्याचं पत्र आलं, "आमच्या पुस्तकाप्रमाणे 31 मार्च रोजी आपल्याकडून येणे बाकी रु. 23,640. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बाकी मान्य आहे असे समजू." खाली सहीला जागा. याला म्हणायचं बाकी कबूल करण्याचं पत्र.

आदल्या वर्षी असंच पत्र आमच्या अध्यक्षताईंनी चुलीपुढं बसूनच सही करून दिलं होतं. पुढे परत केलेल्या मालाचे 1,800 रुपये मागायला गेलो, तर व्यापाऱ्यानं तेच पत्र पुढं धरलं. म्हणून या वेळी पेन बाजूला ठेवलं आणि खतावणी उघडली.

सचिवताईंनी पहिल्यांदा शेवटच्या ओळीची बाकी वाचली. ती होती एप्रिलमधली. पत्र 31 मार्चचं, तर आपलीही बाकी 31 मार्चचीच बघायची. ती निघाली 14,190. दुसरा घोळ असा झाला, की पत्रात "नावे" लिहिलेलं आणि आपल्याकडं तीच रक्कम "जमा" बाजूला. त्यात चूक नाही. त्याच्या वहीत आपण देणेकरी, म्हणून आपल्या नावे. आपल्या वहीत त्याचं देणं, म्हणून त्याच्या खाती जमा. आरशात उजवा हात डावा दिसतो, तसं ते.

फरक आला 9,450. नऊनं भाग जाणारा फरक असला तर आकडे उलटसुलट लिहिल्याची शंका घ्यावी, जसं 540 च्या जागी 450, असं आम्ही प्रशिक्षणात ऐकलेलं. 9,450 ला नऊनं भाग जातो. मग सगळी दुपार उलटे आकडे शोधण्यात घालवली, एकही सापडला नाही. शंका घ्यावी एवढंच ते, खूण पक्की नव्हे.

शेवटी व्यापाऱ्याकडून आपल्या खात्याचा वर्षभराचा उतारा मागवला. एकीनं उतारा वाचायचा, दुसरीनं खतावणीत शोधायचं, जुळलं की दोन्हीकडं पेन्सिलीनं बरोबरची खूण. सगळ्यात आधी वर्षाची सुरुवातीची बाकी जुळवली, नाहीतर जुना फरक नव्या वर्षात शोधत बसावं लागतं. शेवटी खूण नसलेल्या तीन नोंदी उरल्या.

पहिली, 30 मार्चचं 6,200 चं बिल. व्यापाऱ्यानं त्याच दिवशी लिहिलं, टेम्पो आमच्याकडं पोचला 2 एप्रिलला, आम्ही तेव्हा लिहिलं. इथं कुणी खोटं नाही. दुसरी, ओले निघालेले दहा किलो धने आम्ही परत केले, 1,250 रुपयांचे. आमच्या वहीत ते वजा होते, त्याच्याकडं नव्हते. परतीच्या चिठ्ठीवर त्याच्या माणसाची सही होती, म्हणून निभावलं. तिसरी, 2,000 रुपये. ते एका सदस्येनं स्वतःच्या फोनवरून भरले होते, गटाचं नाव न लिहिता. बेरीज करा, बरोबर 9,450.

मग उत्तर लिहिलं. छापील जागेवर सही केली नाही. वेगळ्या कागदावर लिहिलं, "आमच्या पुस्तकाप्रमाणे 31 मार्चची बाकी 14,190. आपले 30 मार्चचे बिल 6,200 आम्हाला 2 एप्रिलला मिळाले, ते मान्य. परतीचे 1,250 आणि भरणा 2,000 आपण आपल्या वहीत घ्यावेत." सोबत परतीची चिठ्ठी आणि भरण्याच्या पावतीची झेरॉक्स जोडली. रजिस्टर पोस्टानं पाठवून पावती फाईलला लावली. पत्रात ऑडिटरचा पत्ता असेल तर उत्तर त्यालाच थेट पाठवावं.

सहीला एवढं का जपायचं, तर 1963 च्या मुदत कायद्यात कलम 18 आहे. उधारीच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी देणेकऱ्यानं सही करून देणं कबूल केलं, तर त्या सहीपासून मुदत पुन्हा नव्यानं मोजतात. गप्प बसणं म्हणजे तशी लेखी कबुली नव्हे, पण व्यापारी मात्र गप्प राहिलेल्याला कबूल धरून चालतो. आपल्या गिऱ्हाइकाकडचं येणं असेल तेव्हा हाच कायदा आपल्या उपयोगी पडतो. आम्ही गावातल्या दोन दुकानांना आता मार्चअखेर असंच पत्र देतो.

व्यापाऱ्याचं दुरुस्त पत्र महिन्यानं आलं. टेम्पोतला माल धरून येणे बाकी 20,390. आमचे 14,190 आणि 6,200 मिळवले की तेवढेच होतात. ते 2,000 शेजारच्या गटाच्या खात्यात जमा पडले होते. त्यांनाही एप्रिलमध्ये पत्र गेलेलं, 2,000 कमी दाखवणारं. त्यांनी आनंदानं सही करून दिलेली होती. आता त्यांची बाकी वाढून आली आहे आणि त्या आमच्याकडं उतारा घेऊन बसल्या आहेत.