धुराचा हिशेब



कारखानदार कोळशाचे पैसे मोजतो, मजुरी मोजतो. पण त्याच्या धुराड्यातील धुराने शेजाऱ्याला खोकला जडला, तर त्याचे औषधपाणी कारखान्याच्या वहीत चढत नाही. तो खर्च नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या वहीत जातो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडले की, असा परभारे लादलेला खर्च कराच्या रूपाने मूळ धन्याकडे परत धाडावा.

स्वीडनने हे कसे केले, ते पाहू. भट्टीतील ज्वाळा फार तापली, की हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. त्यांनी पावसाला आम्लता येते, छातीला अपाय होतो. १९९२ पासून तेथे मोठ्या बॉयलरांवर या ऑक्साइडांच्या दर किलोमागे ४० क्रोनर आकार बसला, आणि जमलेला पैसा त्याच कारखान्यांना, ज्याने जितकी ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणात, परत मिळू लागला.

समजा, दोन केंद्रे सारखीच ऊर्जा निर्माण करतात. पहिले ३०० टन ऑक्साइडे सोडते, दुसरे १००. पहिल्याने १ कोटी २० लाख क्रोनर भरले, दुसऱ्याने ४० लाख. एकूण जमले १ कोटी ६० लाख. प्रत्येकास परत मिळाले ८० लाख. म्हणजे पहिल्याला ४० लाखांची खोट, दुसऱ्याला तेवढाच नफा! आता एक किलो कमी करण्यास पंधरा क्रोनर पडत असतील, तर पहिला मालक स्वस्थ कसा बसेल? धुराड्यात मापकयंत्र बसताच नुसता हवेचा पुरवठा नीट जुळवूनही पुष्कळ काम होते, हे चालकांना दिसून आले. दशकभरात दर एकक ऊर्जेमागील ऑक्साइडे एकतृतीयांशाहून अधिक घटली.

आपण विचाराल, पैसे टाकले की धूर सोडण्यास मोकळीक मिळाली, असे नाही का? आकार हानीहून फार कमी असेल, तर तसेच होईल. ४ क्रोनर भरून सुटका होत असती, तर पंधरा कोण खर्च करता?

दुसरी मर्यादाही आहे. पैसा परत मिळाल्याने ऊर्जा फारशी महागत नाही, म्हणून तिचा वापरही घटत नाही. कर्बवायूच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण तो ज्वाळा जुळवून कमी होत नाही. इंधनात जितका कर्ब, तितका तो निघणारच. म्हणून स्वीडनने १९९१ साली कर्बकर बसविला तो इंधनावरच. तेथे धुराड्यात यंत्र नको. किती इंधन विकले, एवढे पाहिले की पुरे. मात्र तो भार ग्राहकापर्यंत पोचतो, आणि गरिबाच्या चुलीला तो आधी जाणवतो. तेव्हा कर बसविताना, त्याचा पैसा कोणाच्या हाती परत जाणार, हेही त्याच वेळी ठरविले पाहिजे.